वॉर्डातल्या नऊ जणींनी प्रशासनाला पत्र कसं लिहावं?

*मॅडम, नमस्कार. आम्ही एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहोत. वॉर्ड ३० खाटांचा. मंजूर जागा ११, पण जूनमध्ये दोघी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आता आम्ही ९ जणी. डेंग्यूच्या साथीत डबल ड्यूटी, रद्द झालेले ऑफ, काही रात्री तर दोघींऐवजी एकटीच. इन्चार्ज सिस्टर चांगल्या आहेत, पण त्यांच्या हातात काही नाही. सगळ्यांनी मिळून प्रशासनाला पत्र द्यायचं ठरवलंय. एकीने मसुदा केला. त्यात ‘पेशंटचं काही बरंवाईट झाल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही, ताबडतोब स्टाफ द्यावा, अन्यथा काम बंद करावं लागेल’ असं आहे. मला ते वाचून धाकधूक वाटते. आम्हाला भांडण नकोय, माणसं हवीत. आमच्यातली एक प्रोबेशनवर आहे, तिने सही करावी का? सप्टेंबरच्या रोस्टरचा हिशोब सोबत पाठवते आहे.*

*— एक स्टाफ नर्स, नाशिक जिल्हा*

सिस्टर, तुमच्या मैत्रिणीचा मसुदा बाजूला ठेवा आणि तो रोस्टरचा हिशोब समोर घ्या. खरं पत्र त्यातच आहे. मी मेट्रन असताना अशी पत्रं माझ्या टेबलावरून वर जायची. ‘आमच्यावर कामाचा प्रचंड ताण आहे’ असं लिहिलेल्या पत्रावर प्रशासकांचं उत्तर ठरलेलं असायचं: ‘ताण कुणाला नाही?’ पण ज्या पत्रात ड्यूट्या मोजलेल्या असत, ते पत्र अकाउंट्सकडे पाठवावं लागे. पगाराच्या खर्चाला हो म्हणणारी माणसं तिथेच बसतात.

तर आधी मोजू. तुमच्याकडे सकाळी ४, दुपारी ३ आणि रात्री २ असं रोस्टर आहे. म्हणजे दिवसाला ९ ड्यूट्या, सप्टेंबरच्या ३० दिवसांच्या २७०. एका नर्सला महिन्यात ४ साप्ताहिक ऑफ धरले तर तिच्या २६ ड्यूट्या होतात. ९ जणींच्या झाल्या २३४. इथेच ३६ ड्यूट्यांची तूट आहे, आणि अजून कुणी आजारीसुद्धा पडलेलं नाही. तुमच्या हिशोबानुसार सप्टेंबरमध्ये सगळ्यांच्या मिळून ९ रजा झाल्या. तूट झाली ४५.

या ४५ ड्यूट्यांचं काय झालं, ते तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त एकत्र मांडलेलं नाही. २१ ड्यूट्या डबल ड्यूटीने भरल्या. १४ ऑफ रद्द करून भरल्या. उरलेल्या १० भरल्याच गेल्या नाहीत, त्या पाळीला एक नर्स कमी होती, आणि त्यातल्या ६ रात्रीच्या होत्या. म्हणजे ६ रात्री ३० खाटांच्या वॉर्डात एकच नर्स. हे शेवटचं वाक्य पत्रात विशेषणाशिवाय लिहा. ‘अमानुष’, ‘असह्य’, ‘पिळवणूक’ यांतलं काहीही जोडलंत तर वाचणारा आकडा सोडून त्या शब्दाशी भांडायला लागतो.

आता उलट बाजूने बघा. मंजूर ११ जागा भरलेल्या असत्या तर २८६ ड्यूट्या हाताशी असत्या. माणशी एक रजा धरून ११ वजा केल्या तरी २७५ उरतात, आणि गरज २७० ची आहे. जेमतेम का होईना, गणित बसतं. म्हणून मागणी काय करायची हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही जास्तीचं काही मागत नाही. प्रशासनानेच ठरवलेल्या आणि जूनपासून रिकाम्या असलेल्या दोन जागा मागताय. नर्स-पेशंट प्रमाणाचे निकष शोधून पत्रात घालायचा मोह काही जणींना होईल. पहिल्या पत्रात नको. बाहेरच्या निकषावर ‘तो आपल्याला लागू आहे का’ यावर सहा महिने चर्चा होऊ शकते, पण आपल्याच रुग्णालयाच्या मंजूर संख्येवर होत नाही.

मसुद्यातल्या त्या दोन वाक्यांबद्दल आता. ‘अन्यथा काम बंद’ ही उघड धमकी आहे, ती तुम्हालाही खटकलीच. त्या वाक्यामुळे तुमचं पत्र मनुष्यबळाच्या फाइलमधून निघून वकिलाच्या फाइलमध्ये जातं आणि मग उत्तरही वकिली भाषेत येतं. पण मला जास्त काळजी दुसऱ्या वाक्याची वाटते. ‘बरंवाईट झाल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही’ हे आपल्याकडे अर्जात सवयीने लिहिलं जातं, अगदी गल्लीतल्या गटाराच्या तक्रारीतसुद्धा. नर्सने ते लिहू नये. ड्यूटीवर असताना आपण पेशंटला जबाबदार असतोच, माणसं कमी असोत की जास्त. कागदावर तसं नाकारल्याने जबाबदारी जात नाही. उद्या खरंच काही घडलं तर मात्र तोच कागद ‘यांनी आधीच हात वर केले होते’ म्हणून पुढे येईल. त्याऐवजी काय होऊ शकलं नाही, ते सांगा. एकटी नर्स असलेल्या रात्री चार-चार तासांची व्हायटल्स किती वेळा उशिरा झाली, रात्री १० चे अँटिबायोटिक डोस किती वाजेपर्यंत चालले, हे चार्टवर वेळेसकट लिहिलेलं असतं. डेंग्यूच्या पेशंटला दर काही तासांनी बीपी, पल्स, लघवीचं प्रमाण बघावं लागतं. तिथे होणारा उशीर कुठल्याही डॉक्टरला समजावून सांगावा लागत नाही, आणि तुमचे मेडिकल सुपरिंटेंडेंट डॉक्टरच असणार.

हे लिहिताना एक काळजी घ्या. पेशंटचं नाव, आयपी नंबर, खाट क्रमांक पत्रात येता कामा नये. चार्टचे किंवा सेन्सस बुकाचे मोबाइलवर फोटो काढून जोडू नका. पेशंटचे कागद बाहेर नेले म्हणून तुमच्यावरच कारवाई होऊ शकते आणि मूळ मुद्दा तिथेच मरतो. फक्त तारखा आणि संख्या लिहा. ‘मूळ नोंदी वॉर्डात उपलब्ध आहेत’ एवढं पुरतं. आणि आकडा एकाही ड्यूटीने चुकू देऊ नका. दोघींनी स्वतंत्रपणे रोस्टरवरून मोजा, मग जुळवा. २१ डबल ड्यूट्यांपैकी दोन खोट्या निघाल्या की उरलेल्या १९ वरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पत्रातून काय वगळायचं हेही बोलू. पगारवाढ नको. अमुक डॉक्टर राऊंडला ओरडतात, ते नको. शेजारच्या सर्जिकल वॉर्डला जास्त स्टाफ आहे, हे तर अजिबात नको. नाहीतर प्रशासन तिथली एक नर्स काढून तुम्हाला देईल आणि दोन्ही वॉर्ड तुमच्यावर नाराज होतील. इन्चार्ज सिस्टरांचं नाव दोष दिल्यासारखं कुठेही येऊ नये. उलट पत्र त्यांच्याच मार्फत जाऊ द्या आणि द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना दाखवा. सही करा म्हणून गळ घालू नका. त्यांना वरून विचारणा झाली तर ‘मला माहीत होतं, आकडे बरोबर आहेत’ एवढं त्यांना म्हणता आलं पाहिजे. न दाखवता वर गेलात तर पहिला ठपका त्यांच्यावर येईल आणि पुढचं रोस्टर त्याच लावणार आहेत.

तुमच्या आकड्यांवरून मी पत्र असं लिहिलं असतं:

> दिनांक: …
>
> प्रति,
> मा. मेडिकल सुपरिंटेंडेंट,
> … रुग्णालय
>
> मार्फत: सिस्टर इन्चार्ज, मेडिकल वॉर्ड
>
> विषय: मेडिकल वॉर्डातील परिचारिकांच्या दोन रिक्त जागा व सप्टेंबर महिन्यातील कामाचा भार
>
> महोदय,
>
> आम्ही मेडिकल वॉर्डात कार्यरत असलेल्या परिचारिका वॉर्डातील मनुष्यबळाची स्थिती आपल्यासमोर मांडू इच्छितो.
>
> वॉर्डात परिचारिकांच्या ११ जागा मंजूर असून जूनपासून २ जागा रिक्त आहेत. सप्टेंबर महिन्यात रोस्टरप्रमाणे २७० ड्यूट्यांची आवश्यकता होती. ९ परिचारिकांच्या साप्ताहिक सुट्ट्या व रजा वगळता २२५ ड्यूट्या उपलब्ध होत्या. उर्वरित ४५ पैकी २१ ड्यूट्या डबल ड्यूटीने आणि १४ साप्ताहिक सुट्ट्या रद्द करून पूर्ण करण्यात आल्या. १० पाळ्यांमध्ये एक परिचारिका कमी होती. यांपैकी ६ रात्रपाळ्या असून त्या वेळी वॉर्डात एकच परिचारिका कार्यरत होती. याच महिन्यात १२ दिवस वॉर्डातील रुग्णसंख्या ३० पेक्षा अधिक होती. तारखांचा तक्ता सोबत जोडला आहे. मूळ नोंदी वॉर्डात उपलब्ध आहेत.
>
> एकच परिचारिका असलेल्या रात्री व्हायटल्सच्या नोंदी व औषधे देण्यास उशीर झाल्याचे आमच्या लक्षात आले आहे. साथीच्या काळात सर्वच विभागांवर भार आहे याची आम्हाला जाणीव आहे. तरी आपण पुढील बाबींचा विचार करावा, ही विनंती.
>
> १. दोन रिक्त जागा भरण्याची प्रक्रिया सुरू करावी व अपेक्षित कालावधी कळवावा.
> २. जागा भरेपर्यंत रात्रपाळीत किमान दोन परिचारिका राहतील अशी तात्पुरती व्यवस्था करावी.
> ३. रद्द झालेली साप्ताहिक सुट्टी १५ दिवसांच्या आत देण्यात यावी व तशी नोंद रोस्टरवर व्हावी.
> ४. औषधांचे इंडेंट, लिनन मोजणी व रुग्णांना एक्स-रेसाठी नेणे ही कामे सकाळ व दुपारच्या पाळीत अन्य कर्मचाऱ्यांकडे देता येतील का, हे पाहावे.
>
> याबाबत चर्चेसाठी आपल्या सोयीने अर्धा तास वेळ द्यावा. आमच्यापैकी दोघी उपस्थित राहतील.
>
> आपल्या विश्वासू,
> (आडनावाच्या अक्षरक्रमाने नावे व सह्या)
>
> सोबत: तारखांचा तक्ता, १ पान

हे एका पानात बसतं, बसलंच पाहिजे. मागण्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पहिली मागणी पैशांची आहे आणि तिला वेळ लागेल. जाहिरात, मुलाखत, नोटीस पिरियड धरले तर नवीन नर्स प्रत्यक्ष ड्यूटीवर यायला दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून दुसरी आणि तिसरी मागणी सुपरिंटेंडेंट स्वतःच्या सहीने उद्यापासून मान्य करू शकतील अशा आहेत. चौथीत ‘पाहावे’ एवढंच म्हटलंय, कारण मावशी आणि वॉर्डबॉय किती आहेत हे तुमच्या हिशोबात नाही. पण माझ्या मते सगळ्यात लवकर फरक तिथेच पडेल. सकाळच्या पाळीत एखादी नर्स इंडेंटचं पुस्तक घेऊन फार्मसीच्या खिडकीपाशी उभी असते, तो वेळ कुणी मोजत नाही. एक आठवडा मोजून बघा. आकडा मोठा निघाला तर बैठकीत सांगा, पत्रात घालायची घाई नको.

आणखी एक. पत्रात मुदत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘सात दिवसांत उत्तर न आल्यास’ असं लिहिलं की आठव्या दिवशी काय करणार हे सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की ती धमकी होते. त्याऐवजी बैठकीची वेळ मागितली आहे. बैठकीला ‘नाही’ म्हणणं प्रशासनाला जड जातं. तसंच प्रतिलिपीच्या रकान्यात कामगार आयुक्त, नगरसेवक किंवा वर्तमानपत्र यांची नावं घालू नका. संस्थेच्या विश्वस्तांनाही एवढ्यात नको. ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांना आधी निर्णय घ्यायची संधी द्या.

सह्यांबद्दल. नावं अक्षरक्रमाने घातली की ‘पहिली सही कुणाची’ हा प्रश्नच उरत नाही. नाहीतर सगळ्यात वर सही करणारीला पुढारी समजलं जातं. सह्या पत्राच्या त्याच पानावर, मजकुराखाली घ्या. कोऱ्या कागदावर आधी सह्या गोळा करून मजकूर नंतर जोडायची पद्धत फार बोकाळली आहे. मग बैठकीत एखादी म्हणते, ‘मला हे लिहिलंय ते माहीत नव्हतं’, आणि सगळं संपतं. रजेवर असलेलीची सही दुसरीने ‘तिच्या वतीने’ करायची नाही. मसुदा वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, छापील प्रत हातोहात फिरवा. स्क्रीनशॉट पत्राच्या आधी वर पोहोचतो, आणि तोही अर्धवट.

प्रोबेशनवर असलेल्या मुलीने सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोबेशन वाढवायला किंवा कायम न करायला फारसं कारण द्यावं लागत नाही, आणि दिलेलं कारण पत्राशी जोडून दाखवणं कठीण असतं. तिच्या सहीने पत्राला काही वजन येणार नाही, आठ सह्या पुरेशा आहेत. फक्त मजकुरात ‘आम्ही सर्व’ लिहू नका. मी वर ‘सर्व’ म्हटलेलं नाही, ते त्यासाठीच. तिला हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा, म्हणजे तिला आपण मागे राहिलो असं वाटणार नाही आणि बाकीच्या तिला टोमणे मारणार नाहीत. कुणाचा बाँड चालू असेल तर तिनेही सही करण्याआधी बाँडचा कागद एकदा वाचून घ्यावा.

द्यायला दोघीच जा, ड्यूटी संपल्यावर, साध्या कपड्यात. आठ जणी युनिफॉर्ममध्ये केबिनबाहेर उभ्या राहिल्या तर पेशंटचे नातेवाईक व्हिडिओ काढतील आणि तुमच्या नम्र पत्राचा मोर्चा होईल. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. आवक लिपिक ‘साहेबांना विचारून घेतो’ म्हणाला तर वाद न घालता तेच पत्र सुपरिंटेंडेंटच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, पीडीएफ करून.

बैठकीत तुम्हाला दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतील. एक, ‘साथ संपली की सगळं नीट होईल’. त्यावर जुलैचं रोस्टर काढा. साथ जोरात यायच्या आधीचं. जुलै ३१ दिवसांचा, गरज २७९ ड्यूट्यांची. ९ जणींच्या ४ ऑफ वगळून २७ प्रमाणे २४३. एकही रजा नसली तरी ३६ ची तूट तेव्हाही होतीच. म्हणजे साथीमुळे पेशंट वाढले, पण तूट रिकाम्या जागांमुळे आहे. दुसरं वाक्य, ‘पूर्वीच्या सिस्टर याहून जास्त करायच्या’. याला उत्तर देऊ नका. ऐकून घ्या आणि पुढच्या मुद्द्यावर या. अशा वेळी चिडणारी मैत्रीण कितीही हुशार असली तरी बैठकीला जाणाऱ्या दोघींत तिला घेऊ नका. मसुदा लिहिणारी तीच असेल तर तिला तारखांचा तक्ता करायला द्या, ते काम ती मन लावून करेल.

बैठकीनंतर त्याच दिवशी चार ओळींचं आभाराचं पत्र द्या: आपण वेळ दिलात, अमुक अमुक ठरलं असं आम्ही समजतो, काही राहिलं असल्यास कळवावं. या पत्राचीही पोच घ्या. तोंडी आश्वासनाला तारीख याच कागदामुळे मिळते, आणि दोन महिन्यांनी सुपरिंटेंडेंट बदलले तरी नव्यांच्या समोर ठेवायला काहीतरी असतं.

उत्तरच आलं नाही तर तीन आठवड्यांनी एक स्मरणपत्र द्या, पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि ऑक्टोबरचे ताजे आकडे घालून. त्यालाही उत्तर नसेल तर तुमच्या रुग्णालयात तक्रार निवारण समिती आहे का ते एचआरकडे विचारा. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. त्यात २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अशी समिती असावी असं म्हटलंय. त्यात मालक आणि कामगार दोन्ही बाजूंचे सदस्य सारख्या संख्येने असतात, आणि अर्जावर ३० दिवसांत काम पूर्ण करायचं असतं. ही समिती मुख्यतः एकेका कामगाराच्या तक्रारीसाठी असते, त्यामुळे तिथे अर्ज करताना प्रत्येकीने आपापल्या रद्द ऑफची आणि डबल ड्यूटीची यादी वेगळी द्यावी लागेल. ती यादी आजपासूनच स्वतःच्या डायरीत ठेवायला लागा. तारीख, पाळी, आणि बदल कुणी सांगितला. पेशंटचं काहीही त्यात लिहू नका.